शेफ कोट, स्क्रब आणि लॅब कोट: कामाचे कपडे पारखून कसे घ्यावेत

हॉटेल मॅनेजमेंट, नर्सिंग किंवा रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला की पुस्तकांच्या यादीबरोबर गणवेशाची यादीही हातात पडते. त्यात बहुधा ‘पांढरा शेफ कोट’, ‘स्क्रबचे दोन जोड’ किंवा ‘लॅब कोट’ एवढेच लिहिलेले असते. कापड कोणते, बाही किती, बटण कसले याचा उल्लेख नसतो, आणि मग दुकानदार दाखवील ते घेतले जाते. वास्तविक या तीनही कपड्यांची बेतणी ज्या धोक्यासाठी झाली तो धोका वेगवेगळा आहे. स्वयंपाकघरात उकळते तेल आणि वाफ, शस्त्रक्रियागृहात माणसाच्याच अंगावरून झडणारे कण आणि रक्त, तर प्रयोगशाळेत आम्ल आणि आग. तो धोका डोळ्यासमोर ठेवून कपडा पाहिला, तर कोणत्या शिवणीकडे लक्ष द्यायचे आणि कोणत्या दिखाऊपणाला भुलायचे नाही हे आपोआप कळू लागते.

पहिली पायरी: कापड ओळखणे

बाजारात हे कपडे मुख्यतः दोन प्रकारच्या कापडात मिळतात. एक शुद्ध सुती, म्हणजे ड्रिल, ट्विल किंवा पॉपलीन. आणि दुसरे टेरिकॉट, ज्यात पॉलिएस्टर आणि कापूस एकत्र कातलेला असतो. त्यातही 65 टक्के पॉलिएस्टर आणि 35 टक्के कापूस हे मिश्रण फार प्रचलित आहे. टेरिकॉटला सुरकुत्या कमी पडतात, ते लवकर वाळते आणि फारसे आटत नाही, म्हणून वापरणाऱ्याला आणि धोब्यालाही ते सोयीचे वाटते. अडचण आगीपाशी येते. पॉलिएस्टर साधारण 250 अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते. मिश्र कापडात तर कापसाचे धागे जळत असताना वितळलेल्या पॉलिएस्टरला धरून ठेवतात, त्यामुळे ते गळूनही पडत नाही आणि जागच्या जागी जळत राहते. सुती कापड पेटत नाही असे मुळीच नाही. ते चांगले पेटते, परंतु त्याची राख होते, लगदा होत नाही.

लेबलवर ‘कॉटन’ लिहिलेले असले तरी खात्री करून घ्यावी. कोटाच्या आतल्या बाजूला, खालच्या दुमडीत जिथे जास्तीचे कापड ठेवलेले असते, तिथून एक उभा आणि एक आडवा धागा सुईने ओढून काढावा. साधारण बोटभर लांबीचा धागा पुरतो. तो चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडीपेटीने पेटवावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मागे बोटाने चुरगळली जाणारी करडी राख राहते. पॉलिएस्टर आधी आक्रसते, काळसर धूर सोडते आणि टोकाला कडक मणी धरते. टेरिकॉटमध्ये दोन्ही गोष्टी एकदम दिसतात: कागदाचा वास येतो, पण राखेत बोटाला टोचणारी खडी लागते. एक दक्षता मात्र घ्यावी. शिवणीचा दोरा काढून ही परीक्षा करू नये, कारण अस्सल सुती कोटसुद्धा बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्या दोऱ्यानेच शिवलेला असतो आणि त्यावरून कापडाबद्दल उगाच गैरसमज होतो.

जाडी प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत ‘जीएसएम’मध्ये सांगतात. शेफ कोट आणि लॅब कोटासाठी 200 ते 250 जीएसएम चांगले, स्क्रबसाठी त्याहून हलके चालते. आकडा माहीत नसेल तर कापडाचा एकच पदर उजेडासमोर धरावा आणि मागे हात फिरवावा. बोटे स्पष्ट मोजता आली तर ते कापड भट्टीजवळ किंवा आम्लाजवळ वापरण्याच्या जाडीचे नाही.

दुसरी पायरी: शेफ कोटाची छाती उघडून पाहणे

शेफ कोटावर समोर बटणांच्या दोन रांगा असतात. पाहणाऱ्याला तो रुबाब वाटतो, परंतु त्या दोन रांगांमुळे छाती-पोटावर कापडाचे दोन पदर येतात आणि त्यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहतो. कढईतून उडालेले तेल आधी वरच्या पदरात मुरते आणि ते आतल्या पदरापर्यंत पोचेपर्यंत मागे सरायला, कोट ओढून अंगापासून दूर धरायला थोडा अवधी मिळतो. दुसरा उपयोग अधिक व्यवहाराचा आहे. डाव्या पल्ल्यावर रश्श्याचा डाग पडला आणि तेवढ्यात जेवणाच्या दालनात जायची वेळ आली, तर पल्ले उलटे लावून डाग आत घेता येतो.

म्हणून दुकानात कोट हातात आल्यावर सर्व बटणे काढून दोन्ही पल्ले पसरावेत. ते एकमेकांवर निदान वीतभर आले पाहिजेत. पुष्कळ स्वस्त कोटांत पल्ला मधोमध किंवा जेमतेम चार बोटे आत येऊन संपतो आणि दुसरी रांग नुसती शोभेची टाकलेली असते. असा कोट फोटोत उत्तम दिसतो, पण फोडणी अंगावर आली तर एकाच पदराचा असतो. पल्ले उलटवता यायचे तर काजे दोन्ही पल्ल्यांवर हवीत. ती एकाच बाजूला असतील तर उलटवण्याची सोय नाही असे समजावे.

बटणांचे तीन प्रकार दिसतात. जुन्या पद्धतीची कापडाची गाठ वळून केलेली बटणे वितळत नाहीत, धुलाईत फुटत नाहीत आणि टिकतात, पण लावायला-काढायला वेळ घेतात. प्लॅस्टिकची सुटी बटणे दोन्ही पल्ल्यांच्या काजांतून खालून वर घालतात. धुण्याआधी ती सगळी काढून ठेवता येतात, म्हणून मोठ्या हॉटेलांच्या लाँड्रीला ती पसंत असतात, मात्र एखादे बटण हरवले तर ते कोणत्या पातेल्यात गेले हा प्रश्न उरतो. तिसरी टिच बटणे. कॉलरला धरून एक हिसका दिला की सगळा कोट एकदम उघडतो. माझ्या मते नवशिक्याने टिच बटणांचाच कोट घ्यावा, कारण गरम तेल अंगावर पडले की पहिले काम कोट काढणे हे असते आणि त्या घाईत दहा काजे शोधत बसणे कोणालाच जमत नाही. टिच बटणाचा वरचा भाग मात्र प्लॅस्टिकने किंवा कापडाने मढवलेला असावा. तंदूरसमोर उघडे धातूचे बटण चांगलेच तापते.

बाही पूर्ण हवी आणि तिची कफ दुमडलेली हवी. दुमडलेल्या कफला बाहेरच्या बाजूने छोटा काप असतो, त्यामुळे ती उलगडली की बोटांच्या पेरांपर्यंत खाली येते आणि ओव्हनमध्ये हात घालताना मनगटाची आतली बाजू झाकली जाते. उकाडा असह्य झाला की बाह्या कोपरापर्यंत दुमडण्याची सवय लागते, आणि मग कढईच्या काठाने भाजण्याच्या नेमक्या जागी काहीच राहत नाही. उकाड्यावर खरा उपाय काखेतल्या छिद्रांचा किंवा पाठीवरच्या जाळीच्या पट्टीचा आहे. ही जाळी बहुधा पॉलिएस्टरची असते, त्यामुळे ती फक्त पाठीवर असावी. बाहीवर किंवा छातीवर असेल तर तो कोट बाजूला ठेवावा.

कोट घट्ट घेऊ नये. समजा छातीचे माप 96 सेंटिमीटर आहे, तर बटणे लावल्यावर कोटाचा घेर निदान 110 सेंटिमीटर भरावा. दोन्ही हात समोर पूर्ण लांबवून, वरच्या फळीवरचे पातेले काढतो आहोत असे करून पाहावे. मुंढ्यात ताण येत असेल किंवा बाही वर सरकून चार बोटे मनगट उघडे पडत असेल तर एक नंबर मोठा घ्यावा. सुती कोट नव्याने धुतल्यावर आटतो, हेही गणितात धरावे: 60 सेंटिमीटरची बाही 4 टक्के आटली तर जवळजवळ अडीच सेंटिमीटर आखूड होते, आणि मनगट उघडे पडायला तेवढे पुरते.

पँटची पारख सोपी आहे. ती सैल असावी, कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक असावे, आणि पाय खाली बाहेरच्या बाजूने दुमडलेले नसावेत, कारण त्या दुमडीत सांडलेले गरम तेल साठून राहते. पँटचा काठ बुटाच्या वरच्या तोंडावर यायला हवा, म्हणजे तेल बुटात शिरत नाही. एप्रन गुडघ्याच्या खाली पोचणारा आणि पुढे सुरगाठीने बांधायचा असावा. मागे मारलेली घट्ट गाठ अडचणीच्या वेळी हाताला येत नाही. कमरेला खोचलेले फडके कोरडेच ठेवावे. ओल्या फडक्याने गरम पातेले धरले तर त्यातल्या पाण्याची वाफ होऊन कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर भाजते.

एवढे सगळे असूनही तेल अंगावर आलेच, तर क्रम असा: कोट आणि एप्रन ताबडतोब काढायचे, भाजलेल्या भागावर 20 मिनिटे नळाचे गार वाहते पाणी सोडायचे, आणि कापड कातडीला चिकटले असेल तर ते ओढायचे नाही. ते काम डॉक्टरांचे.

तिसरी पायरी: स्क्रब घेण्याआधी तो कुठे घालायचा हे विचारणे

स्क्रबच्या बाबतीत पहिला प्रश्न मापाचा नाही, जागेचा आहे. बहुतेक रुग्णालयांत शस्त्रक्रियागृहाचे कपडे तिथल्याच कपडे बदलण्याच्या खोलीत मिळतात आणि तिथेच टाकायचे असतात. घरून घालून आलेला स्क्रब आत चालत नाही. विद्यार्थ्याने विकत घ्यायचा स्क्रब बहुधा वॉर्डसाठी असतो. म्हणून यादी हातात आल्यावर आधी रंग आणि वापरण्याची जागा विचारून घ्यावी, नाहीतर वापरता न येणारे दोन जोड कपाटात पडून राहतात.

हा कपडा घालणाऱ्याचे संरक्षण करतो असा समज असतो. तो फारसा करत नाही. पातळ टेरिकॉटमधून रक्त सहज आत मुरते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्यावर निर्जंतुक गाउन चढवावाच लागतो. स्क्रब स्वतः निर्जंतुक नसतो, फक्त स्वच्छ धुतलेला असतो. त्याचे मुख्य काम उलट दिशेचे आहे: घालणाऱ्याच्या अंगावरून सतत झडणारे कातडीचे सूक्ष्म कण आणि त्यांवर बसलेले जिवाणू जखमेपासून दूर ठेवायचे. साध्या विणीच्या कापडातली छिद्रे या कणांपेक्षा मोठी असल्यामुळे हे काम तो पूर्णपणे करू शकत नाही. इंग्लंडमध्ये रायटिंग्टन येथे खुब्याचे सांधे बदलणारे सर जॉन चार्नली यांनी 1960च्या दशकात याच कारणाने घट्ट विणीचे गाउन आणि आतली हवा शोषून बाहेर नेणारे विशेष पोशाख वापरात आणले.

साध्या स्क्रबची बेतणी या दृष्टीने पाहावी. सदऱ्याला बटणे नसतात, म्हणून तुटून पडण्यासारखे काही नसते. गळा व्ही आकाराचा असतो, पण इतका खोल नसावा की आतला बनियन किंवा टी-शर्ट बाहेर दिसेल, कारण आतल्या कपड्याचा बाहेर आलेला भाग धुळीचे तंतू सोडतो. अर्धी बाही कोपराच्या बरीच वर संपली पाहिजे. शस्त्रक्रियेआधी हात कोपराच्या वरपर्यंत धुतात, आणि कोपराशी लोंबणारी ओली बाही धुतलेल्या हातावर पाणी टपकवते. सदरा पँटमध्ये खोचण्याइतका लांब असावा. तो मोकळा सोडला तर अंगावरून झडलेले कण खालच्या उघड्या घेरातून बाहेर पडत राहतात, शिवाय वाकल्यावर त्याचा काठ निर्जंतुक टेबलाला लागण्याची भीती असते. पँटला नाडी हवी, आणि तिचे पाय घोट्याशी थांबायला हवेत. लांब पँट घालताना तिचे काठ खोलीच्या फरशीवरून पुसत येतात, मग बाकीची स्वच्छता कितीही पाळली तरी तिचा उपयोग कमी होतो.

येथे टेरिकॉट घेणे योग्य, कारण ते सुतीपेक्षा कमी तंतू सोडते आणि गरम पाण्याच्या धुलाईत आकार टिकवते. रंग हिरवा किंवा निळा असतो. सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यचिकित्सक हॅरी शर्मन यांनी 1914च्या सुमारास पांढऱ्याऐवजी हिरवे कापड वापरायला सुरुवात केली. प्रखर दिव्याखाली पांढरे कापड डोळ्यांवर चमकते, आणि लाल रंगाकडे बराच वेळ पाहून नजर पांढऱ्यावर वळली की हिरवट छाया दिसत राहते. मागचे कापडच हिरवे असेल तर ती जाणवत नाही.

स्क्रबच्या बेतणीत एक उणीव आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी. सदरा डोक्यावरून काढायचा असतो. समोरच्या बाजूवर रक्त सांडले असेल, तर काढताना तोच भाग तोंडावरून जातो. अशा वेळी डाग आतल्या बाजूला राहील अशी सदऱ्याची खालून वर गुंडाळी करत तो काढावा, किंवा फारच भिजला असेल तर सरळ कात्रीने समोरून कापावा. कपड्याची किंमत त्यापुढे काहीच नाही.

चौथी पायरी: लॅब कोट, म्हणजे आगीचा आणि आम्लाचा हिशेब

आपल्याकडे दुकानात ‘एप्रन’ मागितला की डॉक्टरी विद्यार्थ्यांचा पांढरा कोट पुढे येतो. तो टेरिकॉटचा, उघड्या गळ्याचा, कधी अर्ध्या बाहीचा असतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी तो चालत नाही. तिथे पूर्ण बाहीचा, गुडघ्यापर्यंतचा, शंभर टक्के सुती कोट घ्यावा आणि त्याला टिच बटणे असावीत. लांबी उभ्याने पाहू नये, स्टुलावर बसून पाहावी. बसल्यावर दोन्ही मांड्या झाकल्या गेल्या पाहिजेत, कारण टेबलावरून ओघळलेला द्रव सरळ मांडीवर येतो. पाठीमागे खाली काप असला तर बसताना पुढचे पल्ले ताणून उघडत नाहीत.

बाहीच्या टोकाला विणलेली लवचीक कफ असणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रुंद, मोकळी बाही बर्नरवरून हात नेताना ज्योतीत जाते आणि टेबलावरच्या चंचुपात्रांना धक्का देते. विणलेली कफ मनगटाला धरून राहते आणि तिच्यावर हातमोजा चढवता येतो. छातीवरचा एक आणि खालचे दोन खिसे पुरे. ज्या कोटात पँटच्या खिशापर्यंत हात पोचावा म्हणून बाजूला फटी ठेवलेल्या असतात तो टाळावा. त्या फटींतून सांडलेले द्रव आत जाते आणि हातमोजा घातलेला हात मोबाइलपर्यंत पोचतो.

कापडाच्या निवडीत येथे खरी ओढाताण आहे. आगीसाठी सुती बरे, पण आम्लासमोर सुती कापड पॉलिएस्टरपेक्षा कच्चे ठरते. सौम्य सल्फ्युरिक आम्लाचा थेंब सुती कोटावर पडला तर त्या क्षणी काहीच दिसत नाही. पाणी उडून जाते, आम्ल मात्र उडत नाही. ते धाग्यांतच तीव्र होत जाते, इस्त्रीच्या उष्णतेने आणखी जोर धरते, आणि पुढच्या धुलाईत तिथे गोल भोक पडलेले सापडते. म्हणून थेंब पडल्याचे कळताच कोट काढून तो भाग भरपूर पाण्याने धुवावा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावा आणि पुन्हा धुवावा. असे असले तरी ज्योत असलेल्या प्रयोगशाळेत सुतीच घ्यावे असे मी सांगेन, कारण भोक पडलेला कोट बदलता येतो.

हवेत आपोआप पेट घेणाऱ्या रसायनांसाठी मात्र सुतीही पुरत नाही. डिसेंबर 2008मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टर्शियरी ब्युटाइल लिथियम हाताळताना सिरिंज सुटून आग लागली. त्या संशोधक तरुणीने लॅब कोट घातला नव्हता आणि तिचे स्वेटर कृत्रिम धाग्याचे होते. ते पेटले, आणि काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. अशा कामासाठी नोमेक्ससारख्या, ज्योत काढली की जळणे थांबवणाऱ्या धाग्याचे कोट मिळतात. पदवीच्या विद्यार्थ्याला ते सहसा लागत नाहीत, पण या प्रसंगातून एक गोष्ट प्रत्येकाने घ्यावी: कोटाखाली नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे झुळझुळीत कपडे घालून प्रयोगाला उभे राहू नये.

सूक्ष्मजीवशास्त्राचा हिशेब वेगळा आहे. तिथे धोका शिंतोड्यांचा आणि जंतूंचा, म्हणून टेरिकॉट चालते, पण गळा बंद हवा. ब्रिटनमध्ये 1978च्या सर जेम्स हॉवी यांच्या नियमावलीनंतर एका बाजूला खांद्यावर बंद होणारा, उंच गळ्याचा आणि लवचीक कफांचा कोट रूढ झाला, आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कोणताही लॅब कोट प्रयोगशाळेच्या दारातच काढून ठेवायचा असतो. तो घालून उपाहारगृहात चहा प्यायला जाणे ऐटीचे वाटत असेल, पण मग तो कोट कशासाठी घातला होता, हा प्रश्न उरतो.

पाचवी पायरी: डाग आणि धुलाई

तिन्ही कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. कापड सहन करील तर 60 अंशांच्या पाण्यात निदान दहा मिनिटे राहू द्यावेत. जंतूंचे संवर्धन लॅब कोटावर सांडले असेल तर तो आधी ऑटोक्लेव्हमधून काढल्याशिवाय घरी नेऊच नये.

डागांच्या बाबतीत घाईने चुकीची गोष्ट करणे हा नेहमीचा अपघात आहे. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात भिजवायचा. गरम पाण्याने त्यातली प्रथिने गोठून धाग्यात पक्की बसतात. शेफ कोटावर हळद पडली आणि साबण लावला की डाग लाल होतो, त्याने घाबरून घासत बसू नये. अल्कलीमुळे हळद तशी होतेच. साबण धुऊन काढून कोट ओला असतानाच कडक उन्हात टाकला की डाग पुष्कळ उतरतो. स्क्रबवर हात धुण्याचे क्लोरहेक्सिडीन सांडले असेल तर त्यावर क्लोरीनचे ब्लीच टाकू नये, कारण त्यांच्या संयोगाने तपकिरी डाग उमटतो आणि तो कायमचा राहतो. प्रयोगशाळेतल्या सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सुरुवातीला दिसत नाही, उजेडात काळा पडतो. तो घरगुती उपायांनी जात नाही, आणि तेवढ्यासाठी कोट टाकून देण्याचेही कारण नाही.

शेफ कोट रोज बदलावा लागतो म्हणून त्याचे निदान तीन नग असावेत, वॉर्डच्या स्क्रबचेही तेवढेच, आणि लॅब कोटाचे दोन पुरतात. दर सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक कपडा उजेडासमोर धरून कोपर, कफ आणि पोटावरचा भाग तपासावा. तिथे विण विरळ झालेली किंवा टिच बटण एका हिसक्याने न उघडणारे आढळले, तर तो कपडा कामावरून काढून घ्यावा.